सात तारखेचा ताप

डॉक्टर मंडळी दुसऱ्याचं दुखणं दोन मिनिटांत ओळखतात. स्वतःच्या क्लिनिकचा महिना कसा गेला, हे मात्र त्यांना पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला कळतं, तेही अंदाजाने. मधल्या काळात रिसेप्शनच्या मागच्या खोलीत एक एक्सेल फाइल जन्माला येते. तिचं बारसं `Oct_final.xlsx` असं होतं. मग `Oct_final2.xlsx` येते आणि शेवटी `Oct_final2_sir_ok.xlsx`. ही शेवटची फाइल सरांनी पाहिलेली असते, याचा अर्थ सरांनी ती उघडलेली असतेच असं नाही.

अशाच एका क्लिनिकमधल्या हिशेब बघणाऱ्या तरुणाने एके दिवशी ठरवलं, आता पुरे. त्याने मालक डॉक्टरांना मेल लिहायला घेतला आणि पाठवण्याआधी माझ्याकडे ‘जरा भाषा बघून द्या’ म्हणून धाडला. मेल असा होता:

> आदरणीय सर,
> आजच्या डिजिटल युगात आरोग्यक्षेत्र झपाट्याने बदलत आहे. आपल्या क्लिनिकची महिनाअखेरीची अहवालप्रक्रिया पूर्णपणे स्वयंचलित करून कार्यक्षमता, पारदर्शकता आणि उत्पादकता वाढवण्याचा प्रस्ताव मी आपल्यासमोर ठेवू इच्छितो. यामुळे कर्मचाऱ्यांच्या वेळेची प्रचंड बचत होईल. सोबत सविस्तर सादरीकरण जोडले आहे. कृपया मान्यता द्यावी.

भाषेत खोट काढायला जागा नव्हती. शुद्धलेखन तर इतकं चोख की शाळेत लावावं. अडचण एवढीच की हा मेल वाचून डॉक्टर ‘हो’ म्हणणार नाहीत, ‘नाही’ही म्हणणार नाहीत. ते ‘बघू’ म्हणतील. आपल्याकडे ‘बघू’ या आजारावर अजून औषध निघालेलं नाही.

मेल वाचणारा माणूस कोण आहे ते आधी पाहा. दोन पेशंटांच्या मध्ये, मोबाइलवर, चष्मा कपाळावर ढकलून तो हे वाचणार. ‘डिजिटल युग’ हे शब्द त्याने सॉफ्टवेअर विकायला आलेल्या प्रत्येकाच्या तोंडून ऐकलेले आहेत. ‘कार्यक्षमता’ वाचून त्याला वाटणार की आपल्याला कोणीतरी ढिसाळ म्हणतंय. आणि ‘पारदर्शकता’? ज्याच्या काउंटरवर क्लिनिकच्या क्यूआरशेजारी स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर चिकटवलेला आहे, त्याला पारदर्शकतेचं आमिष दाखवायचं म्हणजे कमालच झाली.

पण खरी घोडचूक त्या ‘वेळेची प्रचंड बचत’ या शब्दांत आहे. डॉक्टर हिशेबात कच्चे असले तरी गुणाकारात पक्के असतात. प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर ते काय मांडतील, ते मी त्या तरुणाला मांडून दाखवलं. त्याचा पगार २२,००० रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस, रोजचे आठ तास, म्हणजे २०८ तास. तासाला साधारण १०६ रुपये पडले. महिनाअखेरीला लागणारे तास त्याने मोजलेच नव्हते. मी मोजायला लावले. पावत्या आणि रजिस्टर टाइप करायला आठ, बँकेशी जुळवायला पाच, बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांचे वाटे काढायला चार आणि सरांना आवडतो तसा रंगीत तक्ता करायला दोन. एकूण १९ तास. सगळं आपोआप झालं तरी सहा तास बघण्यात जातीलच. वाचले तेरा. तेरा गुणिले १०६ म्हणजे १,३७८ रुपये. सॉफ्टवेअरवाल्याचं कोटेशन महिन्याला अडीच हजारांचं. आता डॉक्टरांनी ‘१,३७८ वाचवायला २,५०० घालवू?’ असं विचारलं, तर तुमच्या सादरीकरणातल्या कुठल्या स्लाइडवर त्याचं उत्तर आहे?

कुठल्याच नाही. कारण आपल्याकडच्या क्लिनिकमध्ये सर्वांत स्वस्त वस्तू कुठली असेल, तर ती हिशेबनिसाचा वेळ. कापसाचा भाव वाढतो, ग्लोव्हजचा वाढतो, याचा वाढत नाही. स्वस्त वस्तूची बचत दाखवून महागडी मान्यता मिळत नसते. तेव्हा वेळेचं नाव सोडा आणि तारखेचं घ्या.

तारीख आहे सात. बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांना क्लिनिक जी फी देतं, ती वर्षाला ठरावीक मर्यादेपुढे गेली की तिच्यावर १० टक्के टीडीएस कापावा लागतो आणि तो पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत सरकारजमा करावा लागतो. फक्त मार्चच्या कपातीला ३० एप्रिलपर्यंत सवड असते. क्लिनिकचा अहवाल तयार होतो बाराला. मग सातला भरतात काय? अंदाज. गेल्या महिन्याचा आकडा घ्यायचा, त्यात थोडं इकडेतिकडे करायचं आणि ‘पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करू’ म्हणायचं. तो पुढचा महिनाही असाच येतो. अंदाज न करता हिशेब लागण्याची वाट पाहिली, तर दंड वेगळा. कापलेला टीडीएस उशिरा भरला की महिन्याला दीड टक्का व्याज, आणि महिन्याचा तुकडा हा पूर्ण महिना धरतात. ३१ ऑक्टोबरला कापलेले २४,००० रुपये ८ नोव्हेंबरला भरले, तर उशीर एका दिवसाचा. पण मोजणीत ऑक्टोबर एक आणि नोव्हेंबर दोन. तीन टक्के, म्हणजे ७२० रुपये. रक्कम मोठी नाही, पण डॉक्टरांना ती झोंबते, कारण ती कुठल्याच उपचाराशिवाय गेलेली असते.

आता हिशेब सातपर्यंत का लागत नाही ते बघू. त्या तरुणाचा ऑक्टोबर मी मागून घेतला. रजिस्टरप्रमाणे महिन्याची जमा ८,४६,३०० रुपये: रोख २,९१,५००, यूपीआयने ४,१२,८०० आणि कार्डाने १,४२,०००. बँकेत बघावं तर यूपीआयचे आले ४,०१,९०० आणि कार्डाचे १,३७,१८४ रुपये २० पैसे. या फरकापाशी दर महिन्याला क्लिनिकचे तीन दिवस आणि दोघांची मैत्री खर्च होते. हिशेबवाला म्हणतो रिसेप्शनने चुकीचं लिहिलं, रिसेप्शनच्या ताई म्हणतात बँकेने खाल्लं, आणि सर म्हणतात, ‘माझ्यापर्यंत आणू नका.’

कार्डाचं आधी घेऊ, कारण ते निरुपद्रवी आहे. ३१ तारखेला मशीनवर घासलेले ६,००० रुपये बँकेत १ नोव्हेंबरला आले. उलट ३० सप्टेंबरचे ४,५०० ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला आले. म्हणजे ऑक्टोबरमध्ये बँकेकडून यायला हवे होते १,४०,५००. त्यावर बँकेने २ टक्के शुल्क कापलं, २,८१० रुपये, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, ५०५ रुपये ८० पैसे. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळी क्रेडिट कार्डं आणि सगळी मोठी बिलं धरली आहेत. वजा करा: बरोबर १,३७,१८४ रुपये २० पैसे. कोणी काही खाल्लं नाही. महिना मध्यरात्री संपतो आणि बँकेचे पैसे सकाळी येतात, एवढंच. हा फरक यंत्राने डोळे मिटून काढावा. माणसाने त्यावर दर महिन्याला वाद घालण्यासारखं त्यात काहीही नाही.

यूपीआयचं प्रकरण जरा चविष्ट आहे. फरक १०,९०० रुपयांचा. ३१ तारखेच्या संध्याकाळचे ६,४०० पुढच्या महिन्यात गेले, सप्टेंबरअखेरचे २,६०० इकडे आले. त्यातून सुटले ३,८००. एका पेशंटने ‘यूपीआय करतो’ म्हटलं, बिलावर ताईंनी यूपीआय लिहिलं, मग त्याच्या फोनला रेंज मिळेना म्हणून त्याने १,५०० रोख दिले. बिल तसंच राहिलं. त्या दिवशी गल्ल्यात दीड हजार जास्त निघाले आणि चहापाण्याच्या खात्यात गुण्यागोविंदाने विरघळले. राहिले ५,६००. दोन बिलं, २,४०० आणि ३,२०० रुपयांची. ही बँकेत आली नाहीत, गल्ल्यात नाहीत, पेशंटकडे मात्र ‘पेमेंट सक्सेसफुल’चा हिरवा टिळा आहे. गेली कुठे?

आठवा तो दुसरा क्यूआर. एकदा साउंडबॉक्स बंद पडला तेव्हा ‘तात्पुरता’ म्हणून चिकटवलेला. आपल्याकडे तात्पुरत्या वस्तूंना मोठं आयुष्य असतं. ते ५,६०० डॉक्टरांच्या वैयक्तिक खात्यात सुखरूप होते. डॉक्टरांनी लबाडी केली असं मी म्हणत नाही. त्यांना पत्ताही नव्हता. पण त्या दोन बिलांत बाहेरच्या तज्ज्ञाचा वाटा होता. तो तज्ज्ञ दर महिन्याला ‘माझे दोन पेशंट कमी दिसतायत’ म्हणत होता आणि क्लिनिक त्याला दर महिन्याला ‘तुमची वही चुकतेय’ म्हणत होतं. चांगले तज्ज्ञ शेजारच्या क्लिनिकमध्ये का जातात, याची कारणं अशी हिरव्या टिळ्यामागे लपलेली असतात.

हे शोधायला इतका वेळ का लागतो? कारण सगळे रकमेवरून जुळवतात. तपासणीची फी ५०० असेल, तर महिन्यात ५०० रुपयांच्या नोंदी शेकड्यांनी असतात. त्यातली कुठली कुणाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा अंकी क्रमांक असतो. जुळवायचं असेल तर त्यावरून. पंचवीस जण रांगेत उभे असताना ताईंनी बारा अंक टाइप करावेत, अशी अपेक्षा काउंटरवर कधी न बसलेला माणूसच करेल. शेवटचे सहा अंक बिलावर आले, तरी तारीख आणि रक्कम यांच्या जोडीने काम भागतं. त्याहून बरं म्हणजे बिल करतानाच त्या बिलापुरता क्यूआर स्क्रीनवर काढायचा. मग बिलाचा क्रमांक पैशांबरोबर आपोआप प्रवास करतो आणि कुणालाच काही टाइप करावं लागत नाही.

आणि एक खोडी एक्सेलची. बारा अंकी क्रमांक साध्या रकान्यात पडला की एक्सेल त्याला संख्या समजतं आणि `5.30412E+11` असं काहीतरी दाखवतं. ती फाइल तशीच सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की शेवटचे अंक कायमचे गेले. दुसऱ्या दिवशी शंभर व्यवहारांचे क्रमांक एकसारखे शून्यांनी संपलेले दिसतात आणि ‘ऑटोमेशन चालत नाही’ असा निकाल लागतो. क्रमांकाचा रकाना आधी `Text` करायचा, मग आत माल भरायचा. क्रमांकांच्या शेवटी शून्यांची रांग दिसली, तर गडबड इथेच झाली आहे असं समजा.

इथवर सगळं यंत्राला जमणारं होतं. बिलांची यादी, क्यूआर कंपनीचा अहवाल आणि बँकेचं स्टेटमेंट अशा तीन फाइली एका फोल्डरमध्ये टाकायच्या. जुळलेलं एका पानावर, न जुळलेलं दुसऱ्या. पण तिथून पुढे येते ती चिठ्ठी. सरांच्या अक्षरातली, ‘आपला माणूस आहे, ५०० घ्या.’

फी ८०० रुपये. ठरल्याप्रमाणे तज्ज्ञाचा वाटा ६० टक्के. सरांनी चिठ्ठी दिली आणि घेतले ५००. आता तज्ज्ञाला ८०० चे ६० टक्के, म्हणजे ४८० द्यायचे, की ५०० चे ६० टक्के, म्हणजे ३००? सवलत सरांनी दिली असेल, तर ती त्यांच्या खिशातून जायला हवी. तसं केलं तर क्लिनिकला उरतात २० रुपये. ओळख जपली सरांनी आणि १८० रुपये गेले तज्ज्ञाचे, असं झालं तर तज्ज्ञ बोलत नाही, पण विसरतही नाही. ऑक्टोबरात अशा ३७ चिठ्ठ्या होत्या. सगळ्या अशाच धरल्या, तर ३७ गुणिले १८०, म्हणजे ६,६६० रुपयांचा प्रश्न. नियम काय? नियम असा की हिशेबवाला सरांचा मूड बघून विचारतो आणि सर त्या दिवशी जे म्हणतील ते.

या क्लिनिकचं महिनाअखेरीचं काम आजवर कोणी यंत्राकडे का दिलं नाही, याचं उत्तर इथे आहे. सगळे म्हणतात, ‘सरांना कॉम्प्युटर जमत नाही.’ सरांना सगळं जमतं. शेअर बाजाराचं ॲप कसं बोटांवर नाचतं ते बघा. अडचण अशी की यंत्राला नियम लिहून द्यावा लागतो. त्याला मूड कळत नाही आणि डोळा मारलेला समजत नाही. ज्या दिवशी ‘सवलत कुणाच्या वाट्यातून’ हे एका ओळीत लिहावं लागेल, त्या दिवशी सरांना ते स्वतः ठरवावं लागेल आणि सगळ्या तज्ज्ञांना सांगावं लागेल. मान्यता सॉफ्टवेअरला लागत नाही. त्या एका ओळीला लागते. मेलमध्ये नेमकी तीच ओळ नव्हती. कार्यक्षमता होती, उत्पादकता होती, बावीस स्लाइड होत्या.

आता उत्साही मंडळींना एक चिमटा. सगळंच आपोआप करू म्हणणाऱ्यापासून डॉक्टरांनी लांब राहावं, आणि या बाबतीत डॉक्टरांचं ‘बघू’ मला मान्य आहे. या क्लिनिकमध्ये सोनोग्राफी आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. त्याप्रमाणे महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे जावा लागतो आणि प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीचा फॉर्म एफ पूर्ण भरलेला लागतो. त्यातला रिकामा रकाना ही किरकोळ कारकुनी चूक समजून सोडून देता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्या तरुणाच्या सादरीकरणात एक स्लाइड होती: ‘फॉर्म एफमधील राहिलेली माहिती जुन्या नोंदींवरून आपोआप भरणार.’ मी ती स्लाइड तिथल्या तिथे पुसायला लावली. यंत्राने इतकंच सांगावं की अमुक तारखेच्या तमुक क्रमांकाच्या फॉर्ममध्ये हा रकाना रिकामा आहे. तो भरायचा सोनोग्राफी करणाऱ्याने, सही त्याची, जबाबदारी त्याची. रिकामी जागा दिसली की यंत्र चालतंय. रिकामी जागा आपोआप भरून आली, तर वकील शोधा.

तसंच पेशंटच्या नावांचं. पैसे जुळवायला बिलाचा क्रमांक पुरतो. कुणाला कसला आजार आहे हे हिशेबाच्या तक्त्यात कशाला हवं? तरी तो तक्ता नाव, वय, फोन आणि निदानासकट व्हॉट्सॲपवर सीएच्या ऑफिसात जातो आणि तिथून आणखी कुठे. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. डॉक्टरी शपथेतली गुप्तता तर त्याच्या कितीतरी आधीची.

समजा, एवढं सगळं होऊन डॉक्टर ‘हो’ म्हणाले. त्यांचं पुढचं वाक्य मला पाठ आहे: ‘करा, पण जुनंही चालू ठेवा हं.’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं. इथेच निम्मी ऑटोमेशनं मरतात. नवं चालू, जुनं चालू, काम १९ तासांवरून २५ वर, आणि सहा महिन्यांनी सगळ्यांचं एकमत की पूर्वीचं बरं होतं. जुनं आणि नवं शेजारीशेजारी चालवायलाच हवं, पण किती काळ ते मेलमध्येच लिहावं. दोन महिने. आणि पास-नापास कशावरून ठरवायचं, तेही लिहावं. दोन्हींचा आकडा सारखा आला म्हणजे पास, असं नाही. जुनाच आकडा चुकीचा होता, हे आपण नुकतंच पाहिलं. प्रत्येक रुपयाच्या फरकाला नाव मिळालं म्हणजे पास. एखाद्या महिन्यात न जुळलेल्यांची यादी एकदम कोरी निघाली, तर पेढे वाटू नका. जिथे रेंज जाते, जिथे सर चिठ्ठ्या लिहितात, तिथे कोरी यादी म्हणजे कुणीतरी फरक दडपणारी ओळ घातली आहे.

शेवटी आम्ही मेल पुन्हा लिहिला. सादरीकरण काढून टाकलं, ‘युग’ काढून टाकलं. पाठवताना सीसीमध्ये मॅडमना घेतलं, कारण त्या क्लिनिकच्या हिशेबावर रोज नजर त्यांची असते.

> विषय: ऑक्टोबरचे न जुळलेले ५,६०० रुपये आणि दोन निर्णय
>
> सर,
> ऑक्टोबरमध्ये रजिस्टर आणि बँक यांत यूपीआयचा १०,९०० रुपयांचा फरक होता. ५,३०० चा खुलासा सोबतच्या एका पानावर आहे. उरलेली ५,६०० ची दोन बिलं काउंटरवरच्या दुसऱ्या क्यूआरमुळे आपल्या वैयक्तिक खात्यात आली आहेत. त्यात बाहेरच्या डॉक्टरांचा वाटा आहे.
> आपला हिशेब बारा तारखेला लागतो आणि टीडीएस सात तारखेला अंदाजाने भरला जातो. बिलं, क्यूआर अहवाल आणि बँक स्टेटमेंट आपोआप जुळवलं, तर हिशेब चार तारखेला आपल्या टेबलावर येईल. हे आपल्याकडच्या एक्सेलवर करता येतं. नवं सॉफ्टवेअर सध्या नको. माझे साधारण चाळीस तास लागतील.
> आपल्याकडून दोन निर्णय हवेत. एक, दुसरा क्यूआर काढायचा का? दोन, सवलत दिली तर बाहेरच्या डॉक्टरांचा वाटा मूळ फीवर द्यायचा की घेतलेल्या रकमेवर?
> फॉर्म एफ आणि सह्या यांना मी हात लावणार नाही. नवी पद्धत नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये जुन्याच्या शेजारी चालेल. प्रत्येक फरकाचा खुलासा लागला तर १ जानेवारीपासून जुनी पद्धत बंद. नाही लागला तर नवी बंद. मी रजेवर गेलो किंवा नोकरी सोडली, तरी चालवता यावं म्हणून सगळ्या पायऱ्या एका पानावर लिहून आणि पासवर्ड बंद पाकिटात मॅडमकडे देईन.

त्या शेवटच्या वाक्याला सरांनी सर्वांत जास्त वेळ दिला असणार, असा माझा कयास आहे. कारण मालकाच्या मनातली भीती खर्चाची नसते. आज हिशेब या पोराच्या डोक्यात आहे. उद्या तो त्याच्या फाइलीत जाईल आणि परवा पोरगा दुबईला, ही भीती असते. तिच्यावर उतारा लिहून दिल्याशिवाय मान्यता मागू नये.

उत्तर दोन पेशंटांच्या मध्येच आलं, मोबाइलवरून, स्वल्पविरामाशिवाय: ‘क्यूआर काढा सवलत माझ्या वाट्यातून बाकी करा’. बावीस स्लाइडना जे जमलं नसतं, ते दोन प्रश्नांनी केलं.

तेव्हा मालकांना मेल लिहिणाऱ्या तमाम हिशेबनिसांना एवढंच सांगणं: ‘ऑटोमेशनला मान्यता द्या’ असं कधीही लिहू नका. ती मागणी मान्य करायला सोपी आणि विसरायला त्याहून सोपी. आपल्या महिनाअखेरीत जो नियम आजवर कुणीच लिहिलेला नाही, तो शोधा, त्याची रुपयांत किंमत काढा आणि मालकाला तेवढाच विचारा. आणि समस्त डॉक्टरांना नम्र विनंती: काउंटरवर जाऊन किती क्यूआर चिकटवलेत ते आजच मोजा. एकाहून जास्त निघाले, तर हिशेबाचं दुखणं कुठे आहे ते शोधायला ना मेल लागेल, ना सॉफ्टवेअर.